लिमिटमध्ये करणी अंशातून छेदात का पाठवायची

प्रश्न: दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पुण्यात अकरावी सायन्स. नववीत शिकवलं की छेदात करणी ठेवायची नाही. लिमिटमध्ये मात्र अंशाचं परिमेयीकरण करायला सांगतात. x → 0 असताना (√(x+4) − 2)/x हे गणित करताना 1/(√(x+4) + 2) इथवर आलो, मग सवयीने छेदाचं परिमेयीकरण केलं तर परत पहिल्याच ओळीवर. कॅल्क्युलेटरवर x = 0.0000001 टाकलं तर उत्तर 0 येतं, पुस्तकात 1/4 आहे. नेमकं काय चुकतंय?

उत्तर: पुस्तक बरोबर आहे, कॅल्क्युलेटर फसलाय, आणि तू उत्तराच्या दारात पोचून परत फिरलास. 1/(√(x+4) + 2) ही ओळ आली की परिमेयीकरणाचं काम संपलं. तिथे सरळ x = 0 ठेव: 1/(2 + 2), म्हणजे 1/4. पण असं नुसतं सांगून भागणार नाही, कारण तुझ्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे आणि ते दिसलं की पुढची बरीच गणितं आपोआप सुटतात.

आधी त्या नववीच्या नियमाचं बघू. छेदात करणी ठेवू नये असा गणिताचा काही कायदा नाही. ती एक सोय आहे. 1/√2 ची किंमत हाताने काढायची तर 1 ला 1.414 ने भागत बसावं लागतं; √2/2 लिहिलं की 1.414 चं निम्मं, झालं. शिवाय सगळ्यांची उत्तरं एकाच साच्यात आली की ताडून बघायला आणि तपासायला बरं पडतं. पण दोन्ही रूपांची किंमत एकच. लिमिटमध्ये आपल्याला किंमत काढायची सोय नको असते, 0/0 मधून सुटका हवी असते. त्यासाठी करणी वर आहे की खाली हे महत्त्वाचं नाही, वजाबाकी कुठे आहे हे महत्त्वाचं.

तुझ्या गणितात x = 0 ठेवलं तर वर 2 − 2 आणि खाली 0. खालचा शून्य उघड आहे, तो x या अवयवामुळे आलाय. वरचा शून्यही त्याच कारणाने आलाय, पण ते कारण वर्गमुळाच्या आत दडलंय. √(x+4) − 2 कडे बघून त्यात x हा अवयव आहे असं कुणालाही दिसणार नाही. बहुपदी असती, समज x² + 3x, तर x सामाईक काढून मोकळा झाला असतास. इथे तो बाहेर काढायला वर्गमूळ उघडावं लागतं, आणि वर्गमूळ उघडायची आपल्याकडची चावी म्हणजे (a − b)(a + b) = a² − b². म्हणून √(x+4) − 2 ला त्याच्या अनुबद्ध जोडीतल्या √(x+4) + 2 ने गुणायचं. क्लासमध्ये यालाच काँज्युगेट म्हणतात. गुणाकार होतो (x + 4) − 4, म्हणजे x. दडलेला x बाहेर आला, खालच्या x शी कटला.

आता हेच उलट्या बाजूने बघ. अंशाला हात न लावता छेदातल्या x चे अवयव पाड:

x = (x + 4) − 4 = (√(x+4) − 2)(√(x+4) + 2)

वर √(x+4) − 2 आहेच. तो कटला, उरलं 1/(√(x+4) + 2). तेच उत्तर, आणि कशानेही गुणलं नाही. म्हणजे ज्याला परिमेयीकरण म्हणून वेगळी रीत शिकवतात ती मुळात अवयव पाडणंच आहे. फक्त अवयवांत करणी आहे इतकंच. माझ्या मते हे आधी दाखवायला हवं आणि "काँज्युगेटने गुणा" हे नंतर सांगायला हवं, पण वर्गात क्रम बहुतेक उलटाच असतो. मग मुलांना वाटतं की वर्गमूळ दिसलं की गुणायचं. वर्गमूळ हे कारणच नाही. एकमेकींना खाऊन टाकणाऱ्या दोन सारख्या किमतींची वजाबाकी, हे कारण आहे.

आणि म्हणूनच तुझं ते दुसरं परिमेयीकरण उलटं पडलं. √(x+4) + 2 मध्ये बेरीज आहे. x = 0 ला तिची किंमत 4, अगदी निरुपद्रवी. तिला तू √(x+4) − 2 ने वर-खाली गुणलंस, म्हणजे जो शून्य होणारा अवयव आत्ताच काटला होतास तो स्वतःच्या हाताने दोन्हीकडे परत आणून ठेवलास. छेद झाला x, अंश झाला √(x+4) − 2, आणि गाडी पुन्हा पहिल्या ओळीवर. यात बीजगणिताची चूक एकही नाही, दिशा तेवढी उलटी आहे.

कॅल्क्युलेटरवर काय झालं

तुझा कॅल्क्युलेटर साधा आठ आकडी असणार, दुकानात हिशेबाला ठेवतात तसला. त्यावर x हळूहळू लहान करत मूळ राशी काढून बघ. x = 0.001 घेतलास तर √4.001 ला पडद्यावर 2.0002499 येतं. 2 वजा केले, 0.0002499. भागिले 0.001, उत्तर 0.2499. छान. x = 0.0001 ला मूळ 2.0000249, उत्तर 0.249. x = 0.00001 ला 0.24. x = 0.000001 ला मूळ 2.0000002, उत्तर 0.2. आणि तुझ्या 0.0000001 ला √4.0000001 ची खरी किंमत 2.000000025 च्या आसपास आहे; त्यातला 25 पडद्याबाहेर पडतो, उरतं नुसतं 2, वजा 2 केल्यावर 0, आणि उत्तर 0.

आकडे ओळीने वाच: 0.2499, 0.249, 0.24, 0.2, 0. प्रत्येक पायरीला शेवटचा एक आकडा गळतोय. x जितका शून्याजवळ नेशील तितकं उत्तर बरोबर यायला हवं, आणि इथे तर ते बिघडत चाललंय. कारण असं की वर्गमुळातले सात आकडे "2.000000" हे लिहिण्यातच खर्च होतात, आणि आपल्याला ज्या फरकात रस आहे त्याच्या वाट्याला शेवटचा एखाद-दुसरा आकडा येतो. कोथिंबिरीच्या जुडीचं वजन करायला मार्केट यार्डातल्या ट्रकच्या काट्यावर आधी जुडीसकट ट्रक चढवावा, मग जुडी काढून नुसता ट्रक, आणि दोन वजनांची वजाबाकी करावी, तसला हा प्रकार. काटा बिघडलेला नसतो, पण त्या वजाबाकीला अर्थ नसतो.

आता त्याच कॅल्क्युलेटरवर, त्याच 0.0000001 ला, 1/(√(x+4) + 2) काढ. मूळ 2.0000000, अधिक 2 म्हणजे 4, आणि 1 भागिले 4 म्हणजे 0.25. गळालेला 25 इथेही गळालाच, पण 4 मध्ये त्याने काही बिघडलं नाही. 0.001 लाही बघ: आधीच्या रूपातून 0.2499 मिळालं होतं, या रूपातून 0.2499843 मिळतं. यंत्र तेच, x तोच, आणि बीजगणिताने दोन्ही रूपं समान.

संगणकावर हेच होतं, जरा उशिरा होतं एवढंच. पायथॉन येत असेल तर हे चालवून बघ:

```python
from math import sqrt
for k in (3, 6, 9, 12, 16):
    x = 10.0**-k
    print(k, (sqrt(x+4)-2)/x, 1/(sqrt(x+4)+2))
```

शेवटच्या ओळीत पहिला स्तंभ 0.0 दाखवेल आणि दुसरा 0.25. म्हणजे वजाबाकी बेरजेत बदलणं ही नुसती परीक्षेपुरती युक्ती नाही. आकडेमोड करणारे प्रोग्राम लिहिणारी माणसंही अशा ठिकाणी हाच बदल करतात, आणि तेही करणी छेदात राहिली म्हणून हळहळत नाहीत.

एक गणित पूर्ण सोडवून

तुझं गणित फारच सरळ होतं. ज्यात मुलं खरोखर अडकतात असं एक घेऊ. x → 2 असताना

(√(3x+10) − √(x+14)) / (x² − 4)

पहिलं काम म्हणजे x = 2 ठेवून बघणं. वर √16 − √16, खाली 4 − 4. 0/0 आलं, म्हणजे पुढे जायला कारण आहे. ही पायरी मनात केली तरी चालेल, पण गाळायची नाही. का ते खाली सांगते.

आता √(3x+10) + √(x+14) ने वर आणि खाली गुणायचं. इथे चिन्ह बदलतं ते दोन करण्यांच्या मधलं. करणीच्या आतलं चिन्ह जसंच्या तसं. √(3x−10) लिहिणारी मुलं दर वर्षी भेटतात. अंशात मिळतं

(3x + 10) − (x + 14) = 2x − 4 = 2(x − 2)

मधल्या त्या कंसाला जप. कंस न लिहिता 3x + 10 − x + 14 केलंस तर 2x + 24 मिळेल आणि पुढे कशाशी काही कटणार नाही. पण ही चूक पकडायची एक खात्रीची खूण आहे. x = 2 ला दोन्ही करण्या समान होत्या, म्हणून तर वर शून्य आलं होतं. करण्या समान असतील तर त्यांच्या आतल्या राशीही समान, आणि त्यांची वजाबाकी x = 2 ला शून्य यायलाच हवी. 2x + 24 मध्ये 2 ठेवलं तर 28. म्हणजे आत्ताच्या ओळीत चूक आहे, मागे वळून बघ. 2x − 4 मध्ये ठेवलं तर 0, पुढे जायला हरकत नाही. ही चाचणी दोन सेकंदांची आहे आणि या प्रकारच्या जवळजवळ प्रत्येक गणितात लागू पडते.

छेदात आता (x² − 4)(√(3x+10) + √(x+14)) आहे. हा कंस सोडवायचा नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा सर्वांत जास्त वेळ इथे जातो. कंस दिसला की गुणायचा, ही आठवीपासूनची सवय. x² ने दोन्ही करण्यांना गुणलं, −4 ने गुणलं, चार पदं झाली, आणि त्या गर्दीत x − 2 पुन्हा लपून बसला. आपण इतका खटाटोप करून अवयव बाहेर काढतोय आणि खाली तो आयता असताना बुजवतोय. उलट x² − 4 चे अवयव पाड:

2(x − 2) / [ (x − 2)(x + 2)(√(3x+10) + √(x+14)) ]

आता x − 2 काटायचा. त्याआधी तो शून्य नाही हे म्हणायला हवं, आणि बोर्डाच्या पद्धतीत ते लिहायचं असतं: x → 2, म्हणून x ≠ 2, म्हणून x − 2 ≠ 0. ही ओळ शोभेची नाही. लिमिटमध्ये x हा 2 च्या जवळजवळ जातो, 2 होत नाही, याच आधारावर हा अवयव काटता येतो. तो काटेपर्यंत प्रत्येक ओळीआधी lim लिहीत राहा. x ची किंमत ठेवलीस त्या ओळीपासून lim गेला. अर्ध्या राशीत 2 ठेवला आणि अर्ध्यात x तसाच, असं मात्र मधेच करू नकोस.

उरलं 2 / [ (x + 2)(√(3x+10) + √(x+14)) ]. इथे x = 2 ठेवल्यावर 2/(4 × 8), म्हणजे 1/16.

पडताळा हवा असेल तर x = 2.01 घे, त्याहून लहान पाऊल नको, नाहीतर वरची कॅल्क्युलेटरची कहाणी पुन्हा सुरू होईल. √16.03 साधारण 4.003748, √16.01 साधारण 4.001250, फरक 0.002498. छेद 4.0401 − 4 = 0.0401. भागाकार 0.0623. आणि 1/16 म्हणजे 0.0625. जुळतंय. शंभरांश एवढं पाऊल घेतलं की पहिले दोन-तीन आकडे पटतात आणि अजून गळती लागलेली नसते, म्हणून पडताळ्याला मी तेवढंच घ्यायला सांगते.

कधी अंशात एकच करणी असते आणि दुसरं पद साधं असतं. x → 1 असताना (√(x+3) − 2x)/(x − 1) बघ. जोडीदार √(x+3) + 2x, आणि गुणाकार x + 3 − 4x². इथे 2x चा वर्ग 2x² लिहिला जातो; तीच चाचणी लाव, x + 3 − 2x² ला x = 1 वर 2 येतात, म्हणजे चुकलं. बरोबर राशी −(4x² − x − 3), तिचे अवयव −(4x + 3)(x − 1), आणि उत्तर −7/4. x = 1 ला शून्य होतेय म्हटल्यावर x − 1 हा एक अवयव नक्की आहे, दुसरा शोधायला मग वेळ लागत नाही.

जोडीदार कुठे कामाचा नाही

पहिली ओळ गाळू नकोस असं म्हटलं ते यासाठी. x → 0 असताना (√(x+4) + 2)/x आलं तर? वर 4, खाली 0. हे 0/0 नाहीच, ही लिमिट अस्तित्वातच नाही. उजवीकडून राशी बेसुमार वाढते, डावीकडून बेसुमार घटते. पण करणी दिसली म्हणून √(x+4) − 2 ने गुणलंस तर अंशात x, छेदात x(√(x+4) − 2), आणि बिनबोभाट गणितात तू स्वतः एक 0/0 तयार केलास. घाईत पुढे काटाकाट केली की काहीतरी उत्तरही निघतं, म्हणून जास्त धोका.

अंशात आणि छेदात दोन्हीकडे अशी वजाबाकी असेल तर दोन्हींचे जोडीदार लागतात. x → 2, (√(x+7) − 3)/(√(x+2) − 2). वरच्याचा गुणाकार x − 2, खालच्याचाही x − 2. ते कटतात आणि जोडीदार जागा बदलून बसतात: (√(x+2) + 2)/(√(x+7) + 3), उत्तर 4/6, म्हणजे 2/3. इथे छेदाचंही परिमेयीकरण झालं. म्हणजे नववीचा नियम मोडा किंवा पाळा असं काहीच नाही. जिथे वजाबाकी शून्य होतेय तिथे जोडीदार न्यायचा.

यापुढची पायरी म्हणजे तीन पदं. x → 0 असताना (√(1+x) − 1 − x/2)/x² हे सीईटीची तयारी करणाऱ्यांना चकवतं. बरीच मुलं असं म्हणतात: √(1+x) − 1 हे x/2 सारखं वागतं हे आपण बघितलंय, म्हणून x/2 − x/2 = 0, उत्तर 0. हे चूक आहे. "सारखं वागतं" याचा अर्थ फरक x च्या मानाने नगण्य आहे एवढाच. इथे छेदात x² आहे, आणि x² च्या मानाने तो फरक नगण्य नाही, उलट तोच सगळं काही आहे. तीन पदांचे दोन गट कर, √(1+x) एकीकडे आणि 1 + x/2 दुसरीकडे. जोडीदार √(1+x) + 1 + x/2. गुणाकार

(1 + x) − (1 + x + x²/4) = −x²/4

x² कटला, जोडीदाराची किंमत 2, उत्तर −1/8. x = 0.01 घेऊन बघ: √1.01 = 1.00498756, वजा 1.005, भागिले 0.0001, साधारण −0.1244. शून्य तर नक्कीच नाही.

घनमूळ आलं तर जोडीदार बदलतो, कारण सूत्र बदलतं: a³ − b³ = (a − b)(a² + ab + b²). x → 8, (∛x − 2)/(x − 8) मध्ये खालच्या x − 8 चे अवयव (∛x − 2)(∛x² + 2∛x + 4) पाडले की उत्तर 1/12. ∛x + 2 ने गुणून काहीच साधत नाही, घनमूळ तसंच राहतं.

या सगळ्यांत एक गोष्ट गृहीत होती, ती म्हणजे जोडीदार स्वतः शून्य होत नाही. तुझ्या गणितात तो 4 होता, सोडवलेल्यात 8, तीन पदांच्या गणितात 2. तो जर शून्याकडे जात असेल तर एवढ्याने भागत नाही. x → 0⁺ असताना (√(x + x²) − √x)/x घे. (उजवीकडूनच, कारण शून्याच्या लगेच डावीकडे √x ला अर्थ नाही.) जोडीदाराने गुणलं की अंश x², एक x कटला आणि उरलं

x / (√(x + x²) + √x)

x = 0 ठेवलं तर पुन्हा 0/0. इथे दुसऱ्यांदा जोडीदार शोधायला जाऊ नकोस, परत पहिल्या ओळीवर येशील. तुझ्या प्रश्नातला प्रकार. बिघाड आता वजाबाकीचा नाही, छेदातल्या दोन्ही करण्यांत √x दडलाय याचा आहे. तो सामाईक काढ: छेद √x(√(1 + x) + 1). वरच्या x मधला एक √x कटला, उरलं √x / (√(1 + x) + 1), आणि त्याची लिमिट 0/2, म्हणजे 0. खरं तर √x सुरुवातीलाच बाहेर काढला असता तर √x(√(1 + x) − 1)/x मिळालं असतं, आणि मग जोडीदार √(1 + x) + 1, जो 2 कडे जातो.

एल-हॉस्पिटलच्या नियमाने, म्हणजे अंशाचा आणि छेदाचा वेगवेगळा डेरिव्हेटिव्ह घेऊन, हे सगळं दोन ओळींत होतं असं कुणीतरी सांगेलच. पर्याय निवडायच्या परीक्षेत, डेरिव्हेटिव्ह पाठ असतील तर, खुशाल वापर. वरच्या 1/16 वाल्यात तेच उत्तर येईल. पण √x चा डेरिव्हेटिव्ह 1/(2√x) हा मुळात कुठून आला? फर्स्ट प्रिन्सिपलने (√(x+h) − √x)/h ची h → 0 ला लिमिट काढून, आणि ती निघते √(x+h) + √x ने गुणूनच: अंशात h, तो कटला, उरलं 1/(√(x+h) + √x). तुझ्या गणितात x च्या जागी h आणि 4 च्या जागी x घातलं की अक्षरशः हीच राशी होते. 1/4 म्हणजे √x च्या आलेखाचा x = 4 इथला चढ. त्यामुळे डेरिव्हेटिव्हचं सूत्रच सिद्ध करायला सांगितलं असेल तिथे एल-हॉस्पिटल लावता येत नाही. जे सिद्ध करायचं तेच आधी वापरल्यासारखं होतं. आणि त्याच ओळीत x = 0 ठेवून बघ: (√h − 0)/h, जोडीदार √h, तोही शून्याकडे जाणारा. उरतं 1/√h, जे h → 0⁺ ला कुठल्याच संख्येपाशी थांबत नाही. √x चा आलेख शून्यापाशी सरळ उभा चढतो, म्हणून तिथे त्याला डेरिव्हेटिव्ह नाही.